चालकबंधूंसाठी सँडल, सुती कपडे आणि स्वेटर : मंडळाचे तातडीचे आवाहन

सप्रेम नमस्कार,

संक्रांतीच्या आत यंदाचे संच आडगावच्या ट्रक टर्मिनसवर पोहोचायला हवेत आणि आज मंडळाचे कपाट अर्धेही भरलेले नाही. म्हणून घाईघाईने लिहीत आहे.

आधी ज्यांनी हे काम उभे केले त्यांची आठवण काढायलाच हवी. पंचवटीतल्या आपल्या आजींनी पहिल्या वर्षीचे सगळे स्वेटर एकटीने विणले. डोळे साथ देईनात तेव्हा त्यांनी सुनेला आणि शेजारच्या दोघींना बसवून घेतले, पण काम थांबू दिले नाही. मेन रोडच्या कापडवाल्या शेठनी सुती ताग्याचे पैसे कधी घेतले नाहीत. शर्ट शिवून झाले की कॉलर नीट बसली का, हे बघायला मात्र स्वतः यायचे. भद्रकालीतल्या चपलावाल्या दादांनी तर चालकांना दुकानात बसवून, त्यांचे पाय पाहून सँडलचा मागचा पट्टा बदलून दिला. या मंडळींचे ऋण कोणत्या शब्दांत मानावे?

घरातले कोणतेही जुने कपडे दिले तर काय बिघडते, असे पुष्कळजण विचारतात. त्यांच्यासाठी गेल्या जानेवारीतली एक खेप सांगते. आपल्या ओळखीचे एक चालक पिंपळगावहून कांदा भरून सकाळी दिल्लीकडे निघाले. गाडी जुनी, इंजिन केबिनच्या मधोमध, चालकाच्या डाव्या मांडीला लागून. त्यामुळे चांदवड येईपर्यंत डावी पोटरी शेकत होती आणि खिडकीतून येणाऱ्या उन्हाने उजवा हात भाजत होता. अंगात पॉलिएस्टरचा शर्ट, तो घाम शोषत नाही. दुपारी मालेगावला शर्ट पाठीला चिकटला होता. संध्याकाळी सेंधव्याच्या पुढे हवा गार पडली आणि तोच ओला शर्ट अंगावर बर्फासारखा लागू लागला. काच धुरकटते म्हणून खिडकी थोडी उघडी ठेवावीच लागते, पेडलांच्या फटींतूनही वारा येतो. पोटरी गरम आणि पावले गारठलेली, अशी ती रात्र. वर जाड जॅकेट घातले तर स्टीअरिंग फिरवताना खांद्यात अडते, शाल घेतली तर गिअरमध्ये अडकते.

यावर उपाय साधा आहे. उन्हासाठी सैल, पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट. आत सुती बनियन, आणि अंधार पडायच्या आत ते बदलायला दुसरे कोरडे. थंडीसाठी वरून बिनबाह्यांचा लोकरी स्वेटर, म्हणजे छाती ऊबदार आणि हात मोकळे. पावलांना मोजे. कोरडे बनियन ही सगळ्यात स्वस्त वस्तू, पण चालक सगळ्यात जास्त तेच मागतात.

सँडलचे थोडे सविस्तर सांगते, कारण तिथे जीव जातो. बहुतेकजण साध्या स्लिपरवर गाडी चालवतात. घाटात ती पायातून निसटून ब्रेकखाली गेली तर ब्रेक पुरता दाबलाच जात नाही. अनवाणी चालवावे, तर केबिनचा पत्रा तापतो. कारखान्यातले जड बूटही चालत नाहीत, जाड तळव्यातून क्लच कुठे पकडतो ते पायाला कळत नाही. म्हणून तळवा सपाट, पातळ, रबरी आणि डिझेल सांडले तरी न घसरणारा हवा. मागे पट्टा हवाच. दिवसभर बसून पाय सुजतात, त्यामुळे पट्टा सैल-घट्ट करता यायला हवा. विकत घेताना सँडल घालून चवडा जमिनीवर टेकवा आणि नुसती टाच उचला. सँडल बोटांपाशी सहज वाकली तर घ्या, नाहीतर परत ठेवा.

१ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मालट्रकना वातानुकूलित केबिन सक्तीची झाली, याचा आनंदच आहे. पण रस्त्यावरच्या जुन्या गाड्यांना तो नियम नाही, आणि आपल्याकडचा कांदा आजही त्याच गाड्यांतून जातो. रात्रीच्या बसच्या चालकांचे हालही असेच आहेत. आतले प्रवासी पांघरूण घेऊन झोपतात, पुढे हा माणूस काचेपाशी कुडकुडत असतो.

गेल्या वर्षी आम्ही माल पाठवणाऱ्या अनेकांच्या दारात गेलो. चहा मिळाला, आश्वासन मिळाले, पुढे कोणी फोनही उचलला नाही. दोन पोती आली ती फाटक्या साड्यांची आणि लहान मुलांच्या कपड्यांची. वाईट वाटले. ज्यांच्या जिवावर आपला माल सुखरूप पोहोचतो त्यांच्यासाठी एवढेच निघावे?

एका संचात सँडल १ जोड, सुती बनियन २, शर्ट १, स्वेटर १, मोजे २ जोड. खर्च साधारण १,२०० रुपये. सँडल ७ ते १० नंबर, ८ आणि ९ जास्त लागतात. शर्ट ४० ते ४४. जुने स्वेटर धुतलेले व न उसवलेले असतील तरच. बनियन, मोजे, सँडल नवेच. वस्तू मंडळाच्या कार्यालयात रोज संध्याकाळी ६ ते ८, रविवारी सकाळीही. रोख रक्कम खजिनदारांकडेच द्यावी, पावती घ्यावी. लोकर आणून दिल्यास विणणाऱ्या तयार आहेत. वस्तू ५ जानेवारीपर्यंत याव्यात, नंतर नंबर लावून पिशव्या भरायला वेळ उरत नाही.

आपली,
चिटणीस