तिसरीच्या वाचन कोपऱ्यासाठी गावकरी आणि माजी विद्यार्थ्यांना आवाहन

सप्रेम नमस्कार.

देणाऱ्यांची आठवण काढल्याशिवाय पुढचं मागणं तोंडातून निघत नाही. शाळेची पाण्याची टाकी वरच्या गल्लीतल्या आप्पांनी केळीच्या पैशातून बांधून दिली, आणि नावाची पाटी काही लावू दिली नाही. सुरतेला लूमवर असलेल्या आपल्या पोरांनी दिवाळीचा बोनस हातात पडला त्याच आठवड्यात पंखे पाठवले. पोस्टातून निवृत्त झालेल्या नानांनी पुस्तकांसाठी लोखंडी कपाट दिलं, तेही स्वतः रंगवून. आपलं माजी विद्यार्थी मंडळ उभं आहे ते अशा माणसांवर.

मात्र त्या कपाटाला कुलूपच राहिलं. पुस्तक हरवलं तर साठा नोंदवहीचा हिशेब कोणी द्यायचा, ही भीती. शिवाय आतली पुस्तकं जाडजूड, बारीक टायपाची. मागच्या दिवाळीत आम्ही पुस्तकं मागितली तेव्हा ग्रुपवर अंगठे भरपूर आले, आणि प्रत्यक्षात आली जुनी गाईडं, दहावीचे प्रश्नसंच आणि पानं सुटलेल्या पोथ्या. साने गुरुजी ज्या अमळनेरात छात्रालयातल्या मुलांसाठी हाताने लिहून दैनिक काढायचे, त्या तालुक्यातलं हे गाव आहे. राग नाही, पण लागलं.

तिसरीच्या बाईंनी यंदा इकडून तिकडून वीसेक पातळ पुस्तकं आणून वर्गाच्या कोपऱ्यात सुतळीवर चिमट्यांनी टांगली. पुस्तकाचा कणा नाही, मुखपृष्ठ दिसलं पाहिजे आणि मुलाचा हात पोचला पाहिजे, एवढाच त्यांचा नियम. वर्गात एक मुलगा आहे, कापूस वेचणीला आईबरोबर जाणारा. पुस्तक मांडीवर घेऊन नुसती पानं उलटायचा. बाईंनी त्याला एक पान वाचायला लावलं आणि अडलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट मिटायला सांगितलं. पान संपायच्या आत पाच बोटं मिटली, तर ते पुस्तक सध्या त्या मुलासाठी जड. याची तिसऱ्या ओळीतच मूठ झाली. मग त्याला नुसत्या चित्रांचं पुस्तक दिलं. तो चित्रं बघून सांगत सुटला, "हाई कोंबडी पयनी, तिना मांगे कुत्रा पयना." बाईंनी तो बोलेल तसं, अहिराणीतच, कागदांवर लिहून घेतलं आणि टाचून दिलं. स्वतःचंच बोलणं असल्यामुळे त्याला ते वाचता आलं, आणि पहिलीच्या पोरांना त्याने ते दोनदा वाचून दाखवलं. आता तो दोन ओळींचं प्रमाण मराठी पुस्तक स्वतः मागून नेतो. सगळ्यांचं असं पटकन होत नाही. अक्षरओळखच कच्ची असेल तर कोपरा पुरत नाही, त्याला वेगळं बसवून शिकवावंच लागतं, असं बाई स्पष्ट सांगतात.

पण वीस पुस्तकं महिन्यात संपतात. वर्गात ३४ मुलं आहेत. प्रत्येकाच्या घरी एक गेलं तरी कोपऱ्यात निवडायला पुष्कळ उरली पाहिजेत, म्हणून १५० हवीत. निम्मी दर पानाला एक-दोन ओळींची, काही बिनशब्दांची, थोडी मोठी गोष्टींची, आणि प्राणी, यंत्रं, कोडी यांचीही. कारण गोष्टीला नाक मुरडणारी पोरं ट्रॅक्टरच्या चित्रापाशी थांबतात. दर शनिवारी दोन मुलं वहीत तारीख, पुस्तकाचा नंबर आणि नाव लिहून पुस्तकं देतील-घेतील. फाटलं तर दंड नाही. पुस्तक 'दवाखान्याच्या' खोक्यात जाईल आणि पोरंच चिकटपट्टी लावतील. दंड बसवला की पहिलं कोण थांबतं? ज्याच्या घरी पैसे नाहीत तेच. हरवलेल्या पुस्तकांची भरपाई मंडळ देईल, तसं मुख्याध्यापकांना लेखी दिलं आहे.

हिशेब: पुस्तकं सरासरी ६० रुपयांप्रमाणे ९,००० रु.; बुटकं उघडं रॅक, सतरंजी, सुतळी-चिमटे, चिकटपट्टी, वही ४,००० रु.; एकूण १३,०००. जमा ३,८००, हवेत ९,२००. रोख रक्कम खजिनदारांकडे, पावती घेऊनच. बाहेरगावच्यांनी ग्रुपवर टाकलेल्या मंडळाच्या खात्यावर भरावी आणि 'वाचन कोपरा' लिहावं. जुनी पुस्तकं द्यायचीच तर आधी बाईंना दाखवा. गाईडं कृपया नकोत. पैसे नसतील तर शनिवारी अर्धा तास या आणि एक गोष्ट मोठ्याने वाचून दाखवा. ऐन रंगात आल्यावर थांबा, पुढचं पोरं स्वतः शोधतात. अहिराणीत गोष्टी सांगणाऱ्या आज्या आल्या तर फारच बरं. खरेदी मे अखेरीस आहे, जूनच्या मध्यावर शाळा उघडते, आणि पेरणी लागली की कोणालाच फुरसत नसते. म्हणून रक्कम २५ मेपर्यंत द्यावी.

आपला,
सचिव, माजी विद्यार्थी मंडळ