मुलाखतीच्या आदल्या रात्रीचे आभार

केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुलाखतीच्या आदल्या रात्री मी, मंगळवेढ्याहून आलेला एक उमेदवार, दिल्लीतील करोलबागेत भाड्याच्या खोलीत जागा असताना ज्यांनी मला मदत केली, त्यांची नावे मला आजही ठाऊक नाहीत. म्हणून हे आभार जाहीरपणे मानतो.

शेजारच्या खोलीतील मराठी दादांनी माझा अर्ज वाचून विचारले, "पावसाळा सरल्यावर पेरलेली तुमची ज्वारी कशावर वाढते?" मी मालदांडी या ज्वारीच्या वाणाचे गुणगान सुरू करताच त्यांनी मला थांबवले. काळ्या, खोल जमिनीत साठलेल्या ओलीवर हे पीक येते, उथळ जमिनीत मात्र ती ओल लवकर संपून कणीस भरत नाही, एवढे सरळ सांगायला त्यांनी मला शिकवले. मंडळाला भाषण नको, कारण हवे असते, हे त्यांचे म्हणणे मला पाठांतराच्या वह्यांपेक्षा उपयोगी वाटले. (वह्या तशा जाडजूड होत्या!)

दुकान बंद करता करता माझ्या सदऱ्याला इस्त्री करून देणाऱ्या आणि पैसे नाकारणाऱ्या काकांचा, तसेच मूळ प्रमाणपत्रे अर्जाच्या क्रमाने लावून देणाऱ्या घरमालकीणबाईंचाही मी ऋणी आहे. सकाळी आयोगाच्या धौलपूर हाऊस या कार्यालयात कागदपत्रांची तपासणी त्यामुळेच विनाअडथळा झाली.