पाकिटामागच्या अरबी मजकुराबद्दल केंद्रीय वाणिज्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. केंद्रीय वाणिज्य व उद्योगमंत्री,
स.न.वि.वि.

आम्ही खाद्यपदार्थांच्या वेष्टनावरचा मजकूर अरबीत करणारे अनुवादक. लेबलसाठी मदत मिळेल, असे आश्वासन निर्यातीच्या शिबिरांत वारंवार दिले जाते. प्रत्यक्षात लहान उत्पादक पाकिटाचा फोटो काढून पाठवतो आणि संध्याकाळपर्यंत अरबी स्टिकर मागतो. असाच छापून गेलेला एक स्टिकर परवा आमच्यासमोर आला. शेंगदाण्याच्या चिक्कीवर घटकांत नुसते ‘फूल’ लिहिले होते.

अरबीत शेंगदाणा म्हणजे ‘फूल सूदानी’. सोयाबीन म्हणजे ‘फूल अस-सोया’. नुसते ‘फूल’ म्हणजे बाकला, ज्याची उसळ तिकडे न्याहारीला खातात. एक शब्द गळला आणि शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्याला इशाराच उरला नाही. ‘फुस्तुक’ लिहूनही सुटका नाही, कारण लेबनॉन-सीरियाकडे तो शेंगदाण्यालाही म्हणतात आणि इतरत्र पिस्त्याला. हा घोळ तुमच्या खात्याच्या एका पानाच्या शब्दसूचीने थांबला असता. ती सूची कुठे आहे?

त्याच चिक्कीचा पुढचा घटक घ्या: ‘इमल्सिफायर ३२२(i)’. हा आकडा म्हणजे मिश्रकाचा क्रमांक, इथे तेल-पाणी एकजीव करणारे लेसिथिन. ते सोयाबीनचे असते तसे सूर्यफुलाचेही असते, आणि फोटोतल्या आकड्यावरून ते कळत नाही. ४७१ चेही तेच. ते स्निग्धाम्लांचे मोनो आणि डायग्लिसराइड असते, वनस्पतीचे किंवा प्राण्याचे. हलाल पाहणाऱ्या ग्राहकाला नेमके हेच हवे असते. अनुवादकाने मनाने ‘वनस्पतिजन्य’ लिहिणे म्हणजे दुसऱ्याच्या जेवणाबद्दल खोटी साक्ष देणे. उत्पादकाकडे कच्च्या मालाचे विवरणपत्र असते. ते फोटोबरोबर आलेच पाहिजे.

फोटोचाही भरवसा नाही. चकचकीत पाकिटावर उजेड पडला की ३२२(i) चे ३२२१ होते, १६०b चे १६०६. आम्ही आकडा नेहमी त्याच्या शेजारच्या गटनामाशी ताडतो. ‘फुगवणारा पदार्थ’ या नावापुढे ५०८ दिसले, तर ते बहुधा ५०३ असते, कारण ५०८ हे पोटॅशियम क्लोराइड आहे आणि त्याने पीठ फुगत नाही. पण ४७१ ऐवजी ४७७ वाचले गेले तर ही युक्ती फसते. दोन्ही इमल्सिफायरच आहेत. तिथे दुसरा फोटो मागवण्याला पर्याय नाही. छपाईत आणखी एक सापळा आहे. अरबी पाच आपल्या मराठी शून्यासारखा गोल असतो आणि अरबी शून्य म्हणजे नुसता ठिपका. १५० हा आकडा अरबी अंकांत छापला, तर आपल्याकडचा तपासनीस तो एक, शून्य, ठिपका असा वाचतो आणि बरोबर छापलेल्यावर ‘चूक’ असा शेरा मारतो.

आता हिरव्या ठिपक्याकडे या. आपल्या ‘शाकाहारी’त दूध चालते. त्याला सरसकट ‘नबाती’ लिहिले, की अरबी वाचक ‘निव्वळ वनस्पतीचे’ असाही अर्थ घेतो. उपवासाच्या बर्फीला ‘सियामी’ म्हटले तर आणखी वाईट. इजिप्तमध्ये हा शब्द कॉप्टिक ख्रिश्चनांच्या उपासाचा आहे आणि त्या पदार्थात दूध, तूप नसते. दुधाची ॲलर्जी असलेला इजिप्शियन माणूस ती बर्फी निर्धास्त उचलेल. म्हणून आम्ही ‘मांस, मासे, अंडे नाही, दूध आहे’ असे सरळ वाक्य लिहितो. उत्पादक म्हणतो, स्टिकरवर जागा नाही. जागा करा.

आणि तीळ? २०२० च्या आपल्या लेबल-नियमांतल्या ॲलर्जीकारक यादीत तीळ नाही, मोहरीही नाही. युरोपीय संघाच्या १४ पदार्थांच्या यादीत दोन्ही आहेत, अमेरिकेने १ जानेवारी २०२३ पासून तीळ बंधनकारक केला. तीळ घातलेल्या चिक्कीवर, चकलीवर आपला कायदा वेगळा इशारा मागत नाही, म्हणून मूळ लेबलवर तो नसतो आणि अनुवादातही येत नाही.

मंत्रिमहोदय, निर्यातीचे टन आणि डॉलर सगळे मोजतात. पाकिटाची मागची बाजू कुणीच वाचत नाही. माल बंदरात अडला की दोष अनुवादकाचा, आणि न अडता कुणाच्या पोटात गेला तर कुणाचाच नाही. अन्नाचे खाते तुमच्याकडे बोट दाखवते, तुमचे खाते त्यांच्याकडे.

आम्हाला अनुदान नको. अरबी मातृभाषा असलेल्या अन्नतंत्रज्ञांकडून तपासलेली शब्दसूची द्या. फोटोबरोबर टाइप केलेली घटकयादी आणि प्रत्येक आकड्याचा उगम देणे निर्यातदाराला सक्तीचे करा. छापलेला स्टिकर मूळ यादी न पाहता दुसऱ्या माणसाने उलट मराठीत किंवा इंग्रजीत वाचून दाखवावा, मगच माल निघावा. ‘कद यहतवी’ म्हणजे ‘असू शकते’, नुसते ‘यहतवी’ म्हणजे ‘आहे’. शेंगदाण्याच्या चिक्कीवर त्या वाचणाऱ्याला ‘कद’ दिसला, तर तो गठ्ठा तिथेच थांबला पाहिजे.

आपले,
लेबल-अनुवाद करणारे काही नागरिक