मनू, वहीतल्या चाळीस प्रश्नांबद्दल

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

रविवारी फोन तू ठेवलास की कट झाला, ते विचारणार नाही. आई म्हणते रेंज नसेल. बरं.

तू पाठवलेल्या फोटोंच्या प्रिंट काढून आणल्या, मोबाइलवर अक्षर दिसेना. रक्ताभिसरणाच्या धड्याच्या सारांशावरून चाळीस प्रश्न केलेस, तूच सोडवलेस, अडतीस बरोबर. आणि शनिवारच्या टेस्टमध्ये त्याच धड्याचे नऊपैकी चार. ‘वाचलेलं होतं, पर्यायांनी घोळ केला’ असं तू म्हणालीस, आणि मी म्हणालो, नीट पाठ कर. चुकलो. पाठ तुझं आहेच. प्रश्नच इतके सोपे झालेत की ते तुला काही विचारतच नाहीत.

बारावा प्रश्न बघ. फुप्फुसातलं ऑक्सिजनयुक्त रक्त डाव्या अलिंदात कोण आणतं? पर्याय: फुप्फुस शिरा, अन्ननलिका, मूत्रवाहिनी, श्वासनलिका. अगं, रक्त वाहणारी त्यात एकच आहे! धडा न वाचलेल्या दादानेही बरोबर सांगितलं.

आता अर्धवट कळलेली मुलगी डोळ्यांसमोर आण. ‘धमनीत ऑक्सिजनयुक्त रक्त’ एवढंच धरून बसलेली फुप्फुस धमनी निवडेल. ‘शिरा हृदयाकडे येते’ एवढंच आठवणारी महाशिरा. ‘डावी बाजू म्हणजे ऑक्सिजन’ म्हणणारी महाधमनी. झाले तीन. प्रत्येक चुकीच्या पर्यायापुढे पेन्सिलीने लिही, यात कोण फसेल आणि का. लिहिता आलं नाही तर तो पर्याय खोडायचा.

गणितातही तेच. निलय भरल्यावर 120 मिली, आकुंचनानंतर 50 मिली, मिनिटाला 72 ठोके, तर मिनिटाला किती रक्त बाहेर? वजाबाकी 70, गुणिले 72, म्हणजे 5040 मिली. चुकीचे आकडे मनाने घेऊ नकोस, चुकीच्या पायरीतून काढ. वजाबाकी विसरली तर 8640, उरलेलंच रक्त धरलं तर 3600, वजाबाकीऐवजी बेरीज केली तर 12240. मग जे उत्तर निवडशील, तेच तुझी चूक कुठे झाली ते सांगेल.

मी नवा असताना चौथा पर्याय सुचला नाही की ‘वरीलपैकी सर्व’ लिहायचो. आठवी ‘ब’मधल्या एका पोराने सांगितलं, “सर, तुमचं बरोबर उत्तर नेहमी सगळ्यांत लांब असतं.” तेव्हापासून मुलांच्या पेपरातली चुकीची उत्तरं एका डायरीत उतरवू लागलो, पुढच्या वर्षी तेच पर्याय. तू चौथीत असताना टेबलाखाली बसून त्या डायरीला लाल रेघा मारायचीस. आजी ओरडायची, तू हसायचीस. कुठून कुठे गेलो मी.

हं, सतरावा. ‘उजव्या अलिंदात कोणती गाठ असते?’ एसए नोड बरोबर म्हणून खूण केलीस, पण पर्यायांत एव्ही नोडही आहे, आणि तीही उजव्या अलिंदातच असते. सारांशाच्या एका ओळीवरून प्रश्न केला की असं होतं. प्रश्न सारांशातून घे, पण पर्याय लिहिण्याआधी मूळ पान आणि आकृती उघड. ‘ठोक्याची सुरुवात कोण करते?’ असं विचारलंस की उत्तर एकच उरतं.

केलेले प्रश्न त्याच दिवशी सोडवू नकोस. उत्तर तेव्हा अक्षरावरूनच आठवतं. चार दिवसांनी, क्रम बदलून, पर्यायांवर हात ठेवून आधी उत्तर म्हण, मग हात काढ. तपासायचं मात्र लगेच. नाहीतर आपणच रचलेला चुकीचा पर्याय डोक्यात घर करतो.

आणि हे सगळं दिवसा. परवा दोन वाजून दहा मिनिटांनी तू ऑनलाइन होतीस, मी पाणी प्यायला उठलो होतो. उगाच सांगतोय. नीटमध्ये चुकलं तर चार हुकतात आणि वर एक कापला जातो, हे तुला मी काय सांगू? पुन्हा भाषण झालं, सोड. पण त्या वेळी केलेले प्रश्नच सगळ्यांत ढिले आहेत, बारावा नि सतरावा दोन्ही एकाच पानावरचे. त्या पानाच्या कोपऱ्यात तू 1.50 अशी वेळ टाकली आहेस.

नानांच्या गोळ्यांचं मी बघतो, तू त्यात मन घालू नकोस. बारावा नव्याने लिहून पाठव, पेन्सिलीच्या नोंदींसकट. शनिवारच्या एसटीने आई चकल्या पाठवते आहे. मेसची पोळी खातेस ना? आणि झोपतेस किती वाजता, ते खरं लिही.

तुझे बाबा