आप्पा, ते पैसे तुमचेच आहेत

श्टुटगार्ट, 8 मार्च 2026

तीर्थरूप आप्पा आणि आईस,
शि. सा. नमस्कार.

मी मजेत आहे. फोनवर चेहरा उतरलेला दिसतो तो इथल्या दिव्यांमुळे, जेवणामुळे नाही. शेंगाचटणी अजून शिल्लक आहे, पण बरणी संपली की नवीच डोकेदुखी. रिकामी काच इथे घरच्या कचऱ्यात टाकत नाहीत. चौकात तीन मोठ्या पेट्या असतात, पांढऱ्या, हिरव्या आणि तपकिरी काचेसाठी वेगवेगळ्या. निळी बाटली असली तर ती हिरव्यात. झाकण आधी काढायचं. आणि रविवारी टाकायचीच नाही, कारण काच फुटल्याचा आवाज होतो! रविवारी कुणी पेटीजवळ दिसलं तरी खिडकीतून आजीबाई बघत राहतात. आईला हे सांगा, ती हसेल.

आता पासबुकाचं. मुक्ताने पाठवलेले फोटो नीट पाहिले. 27 फेब्रुवारीला 1,09,818 रुपये एकदम जमा झाले म्हणून तुम्ही धास्तावलात, ‘चुकून आले असतील, परत मागतील’ म्हणून हातही लावला नाहीत. आप्पा, ते तुमचेच आहेत. हिशेब लिहितो, शेजारी पीपीओ घेऊन बसा. पण 2011 चा पहिला कागद नको, त्यावर 10,000 च दिसतील. त्यामागचा सुधारित आदेश काढा. सातव्या आयोगाने दहा हजारांना 2.57 ने गुणलं, म्हणून 1 जानेवारी 2016 पासून तुमची मूळ पेन्शन 25,700. निवृत्तीच्या वेळी 40 टक्के पेन्शन विकलीत, त्याचे 4,000 दरमहा कापले जातात. उरले 21,700. महागाई भत्ता मात्र कापलेल्यावर नाही, पूर्ण 25,700 वर मिळतो. जुलैपासून तो 58 टक्के आहे, म्हणजे 14,906. बेरीज 36,606. नोव्हेंबरच्या शेवटी हाच आकडा जमा झालाय. डिसेंबर, जानेवारी कोरे, आणि फेब्रुवारीचं धरून तीन महिन्यांचे 1,09,818. एक रुपयाही इकडचा तिकडे नाही.

मधले दोन महिने कोरे का, तर हयातीच्या दाखल्यामुळे. तुम्ही म्हणता नोव्हेंबरमध्ये अंगठा दिला, मोबाइलवर मेसेजही आला. बरोबर आहे. पण त्या मेसेजातला प्रमाण क्रमांक दाखला तयार झाला एवढंच सांगतो, बँकेने तो स्वीकारला असं नाही. छापील दाखल्यावरचा पीपीओ क्रमांक आदेशावरच्या बारा आकड्यांशी ताडून पाहा, सातवा आकडा वेगळा आहे. दुकानातल्या मुलाने घाईत टाइप केला असणार. बँकेला तो दाखला तुमच्या खात्याशी जोडता आला नाही, म्हणून डिसेंबरपासून पेन्शन थांबली. फेब्रुवारीत बरोबर क्रमांक घालून नवा दाखला काढलात आणि थकबाकीसकट सुरू झाली. पेन्शन रद्द झाली नव्हती, कुणी कापलीही नव्हती. यंदा नोव्हेंबरमध्ये दुकानातून उठण्याआधी क्रमांक वाचून घ्या, आणि आठवड्याने बँकेत विचारा, ‘दाखला लागला का?’

मार्चअखेरीस काही जमा झालं नाही तर मला रात्री फोन करू नका. मार्चची पेन्शन एप्रिलच्या पहिल्या कामाच्या दिवशी येते, त्यामुळे एप्रिलमध्ये दोनदा जमा दिसेल. मागच्या वर्षीच्या पानावरही तसंच आहे.

लक्ष ठेवायचं ते जूनकडे. विकलेली पेन्शन पंधरा वर्षांनी परत पूर्ण होते. तुमची कपात 1 जून 2011 पासून आहे, ती तारीख पीपीओवर लिहिलेली आहे. म्हणजे यंदाच्या जूनपासून ते 4,000 कापायला नकोत. महागाई भत्ता तोच राहिला तर 40,606 यायला हवेत, भत्ता वाढला तर त्याहून जास्त. जूनअखेरीस आकडा तेवढा दिसला नाही तर पीपीओची झेरॉक्स जोडून बँकेला अर्ज द्या आणि पोच घ्या. अर्ज मी लिहून पाठवतो.

हे सगळं तुमच्या शेजारी बसून करायला हवं होतं, कळतं मला. गड्ड्याला येईन म्हणालो होतो तेही राहिलं. पण इथली रजा माझ्या हातात नसते, आणि ‘तिकडे रमलास’ असं काकूंनी म्हणायचं काही कारण नाही.

मुक्ताच्या लग्नाच्या कार्यालयाची आगाऊ रक्कम मी या आठवड्यात पाठवतो. तुमच्या थकबाकीतून देऊ नका, त्यातून आधी आईच्या डोळ्याचं ऑपरेशन उरका. मे महिन्यात आठ दिवस तरी येतो, तिकिटाचं नक्की झालं की कळवेन. माझ्या स्थळाचं मात्र तेव्हा काढू नका, मुक्ताचं आधी होऊ दे. आणि वरपक्षाला मी इथे किती कमावतो ते सांगू नका, आई सांगून टाकते.

तुमचा,
बाळू