रॅम्प फुटला, पदपथ अडला

महोदय,
आमच्या उपनगरातील स्थानकाकडे जाणाऱ्या पदपथाचा रॅम्प खालच्या टोकाला फुटला असून, पेव्हर ब्लॉक उखडल्याने पडलेल्या खाचेत व्हीलचेअरची पुढची लहान चाके अडकतात. तक्रारीनंतर विभाग कार्यालयाने तेथे सिमेंट थापले. पण उतार एकास बारा हवा, म्हणजे 15 सेंटिमीटर उंचीच्या पदपथाला 180 सेंटिमीटर लांबीचा रॅम्प लागतो, हे बहुधा कोणी मोजलेच नाही. कसेबसे वर चढले तरी फेरीवाल्यांच्या टोपल्यांमुळे वाट उरत नाही. त्यांच्या पोटावर पाय यावा, असे मी म्हणत नाही. 2014 च्या पथविक्रेता कायद्यानुसार त्यांना जागा आखून द्यावी आणि रॅम्प योग्य उताराने नव्याने बांधून त्याचे तोंड मोकळे ठेवावे, ही विनंती.

– एक ज्येष्ठ नागरिक, मुंबई