मनूला, बदलीच्या अर्जाबद्दल

प्रिय मनू,

काल फोन ठेवता ठेवता तू म्हणालीस, "आई, मी अर्ज मागेच घेते, कटकट नको." आणि मी "बघ, तुला पटेल तसं" म्हणून मोकळी झाले. ते "बघ" रात्रभर टोचत राहिलं. बाबा म्हणाले, लिहून काढ, फोनवर तू तिला बोलूच देत नाहीस. म्हणून लिहितेय. एक मात्र ठरवलंय, अर्ज मागे घे किंवा घेऊ नकोस, यातलं काहीच सांगायचं नाही. तू एकतीस वर्षांची आहेस.

झालं ते मला असं समजलंय. गुरुवारी रात्री तू दुसऱ्या टीमसाठीचा अर्ज भरलास. सरांना सोमवारी, तुमच्या नेहमीच्या बैठकीत, स्वतः सांगणार होतीस. पण अर्ज जमा झाला की सध्याच्या मॅनेजरला आपोआप मेल जातो, हे तुला ठाऊक नव्हतं. शुक्रवारी सकाळी सगळ्यांसमोर ते म्हणाले, "तुझं जायचं ठरलंय म्हणे." दुपारी एका शब्दाचा मेसेज आला, "शुभेच्छा." आणि संध्याकाळी कॅलेंडरवरून सोमवारची बैठकच गायब. चार वर्षं चाललेली बैठक.

तू दोनदा म्हणालीस, "मी काय चूक केली?" जाण्यात काहीच चूक नाही. सांगण्याचा क्रम चुकला, आणि तोही नकळत. पण मनू, समोरच्याला लागतो तो क्रमच. माणूस जातोय याचं दुःख पचतं. आपल्याला ते एखाद्या यंत्राकडून कळलं, म्हणजे हिच्या हिशेबात आपण कुठे होतो, हा प्रश्न पचत नाही. हे मला कसं माहीत ते पुढे लिहिते. लिहायचं धाडस झालं तर.

आणखी एक. ते तुझे गुरू आहेत, तसे मॅनेजरही आहेत. गुरूला वाईट वाटतं ते वेगळं, मॅनेजरला घाम फुटतो तो वेगळा. अंतर्गत बदलीत कित्येकदा माणूस जातो आणि त्याची जागाही लगेच भरली जात नाही. मंजुरी अडकते, किंवा जागा माणसाबरोबरच नव्या टीमकडे जाते. तुझ्या जागी कुणी मिळणार आहे का, हे तू विचारलंस का कुणाला? त्यांच्या रागातला बराच भाग त्या तारखांचा असेल, ज्या त्यांनी तुझ्या भरवशावर वर कबूल केल्या आहेत. तो भाग कामाने हलका करता येतो. उरलेला येत नाही, आणि तो आपला समजून उचलूही नये.

आता धाडस करते. आमच्या ड्रॉइंग ऑफिसातला तो मुलगा तुला आठवतो? तू त्याला रेषाकाका म्हणायचीस. तू तेव्हा तिसरीत होतीस. त्याला मी तयार केलं होतं. ड्रॉइंगच्या खालच्या कोपऱ्यात नावांची चौकट असते, त्यात "काढले" पुढे त्याची सही आणि "तपासले" पुढे माझी, अशी पाच वर्षं शेकडो कागदांवर. तो तपासायला ड्रॉइंग आणायचा तेव्हा कडेला पेन्सिलीने बारीक अक्षरात शंका लिहिलेल्या असायच्या. "हे टॉलरन्स इतकं कडक का?" "इथे हात जाईल का पाना फिरवायला?" मी लाल पेन्सिलीने उत्तरं द्यायचे. खरं सांगू? ऑफिसला जायची ओढ त्या शंकांचीच होती.

त्याने टूल डिझाइन विभागात बदली मागितली. मला ते प्रिंटच्या खोलीत कळलं, अमोनियाच्या वासात, तिथल्या माणसाकडून. "मॅडम, आता त्याच्या जागी कोण येणार?" मी हसून म्हटलं, "बघू." (हे "बघू" माझं जुनंच आहे.) जागेवर आले आणि त्याचं समोर पडलेलं ड्रॉइंग आकड्यांच्या अक्षराची उंची चुकली म्हणून परत पाठवलं. अक्षराची उंची! चुकलेली नव्हतीसुद्धा.

पुढचा महिनाभर मी एकही शब्द वाईट बोलले नाही. तीच तर गंमत. फक्त समजावणं बंद केलं. विचारलं तेवढंच उत्तर. त्याला कधी सोडणार असं वरून विचारलं, तर "हातातलं काम संपलं की" म्हणायचे, आणि हातात काम देत राहायचे. टूल डिझाइनच्या साहेबांनी मुलगा कसा आहे म्हणून विचारलं, तेव्हा मी क्षणभर थांबले आणि मग म्हणाले, "चांगला आहे." ते थांबणं पुरेसं होतं. मला ते तेव्हाही कळत होतं.

पाचव्या आठवड्यात त्याने अर्ध्या कागदावर लिहून अर्ज मागे घेतला.

मी जिंकले, मनू. घरी येऊन मी तुझ्या बाबांना म्हटलं, राहिला बरं का तो. आणि त्यानंतर त्याच्या ड्रॉइंगच्या कडा कोऱ्या यायला लागल्या. एकही शंका नाही. मला वाटलं, शहाणा झाला. मग एका आठ भोकांच्या फ्लँजवर भोकांच्या वर्तुळाचा व्यास २१० च्या जागी २०१ पडला. मी तपासून सही केली आणि नग तयार होऊन आले. जोडीच्या भागावर ते बसेनात. जोडीचं ड्रॉइंग त्यानेच काढलेलं होतं. मी विचारलं, तुला खटकलं नाही? तो शांतपणे म्हणाला, "खटकलं होतं. पण तुम्ही तपासणार होतातच ना." उद्धटपणे नाही, अगदी साधेपणाने. त्यानंतर वर्षभराने तो नोकरीच सोडून गेला. माझा निरोप घ्यायला आला नाही, आणि मीही विचारलं नाही.

हे मी तुझ्या बाबांनाही पूर्ण सांगितलेलं नाही. तुला एवढ्यासाठी सांगतेय की "मागे घेते" म्हणताना तुला वाटतंय सगळं पूर्वीसारखं होईल. नाही होत गं. ती सोमवारची बैठक कॅलेंडरवर परत येईल, आणि तुम्ही दोघं तिथे बसून एकमेकांकडे बघाल. झालं, सांगणार नव्हते ते सांगून बसले.

आता कामाचं. पहिलं म्हणजे मेल नको. तू तीन परिच्छेदांचा मसुदा वाचून दाखवलास त्यात नव्या टीमची पाच कारणं होती. दुखावलेला माणूस ती कारणं आपल्या उणिवांची यादी म्हणून वाचतो. वीस मिनिटं माग, दोघंच. आधी एवढंच म्हण, "तुम्हाला हे माझ्याकडून कळायला हवं होतं, मेलमधून नाही. त्याबद्दल माफ करा." जाण्याबद्दल माफी मागू नकोस, ती मागितलीस की परत बोलावण्याचा हक्क त्यांच्या हातात जातो. कारण एका वाक्यात सांग. मग विचार, "मी गेल्यावर तुम्हाला सगळ्यात जास्त काय अडेल?" आणि गप्प बस. तुला गप्प बसणं जमत नाही, माझ्यासारखंच, पण बस. त्यांनी आशीर्वाद द्यावा अशी अपेक्षा त्या वीस मिनिटांकडून ठेवू नकोस.

ते जे सांगतील तिथून हँडओव्हर सुरू कर. लिहिलेल्या गोष्टी फायलीत असतातच. तुझ्या डोक्यात आहे ते उतरव: कुठली टेस्ट अधूनमधून उगाच फेल होते, कुठला निर्णय का घेतला होता, काय अर्धवट आहे. ज्याच्याकडे काम जाईल त्याला आठवडाभर ते तुझ्यासमोर करू दे आणि तू नुसती बघ. तिथेच कळतं काय सांगायचं राहिलं. आणि "अर्धा वेळ इकडे, अर्धा तिकडे" असं कुणी सुचवलं, मग ते सर असोत की नवा मॅनेजर, तर गोड बोलून नाही म्हण. दोन्हीकडे अर्धीच दिसशील. एक तारीख, ती लेखी, दोन्ही मॅनेजरना माहीत. त्या तारखेनंतर दोन आठवडे शंकांना उत्तरं द्यायची, तेही ठरलेल्या वेळी.

अप्रेझलचं विसरू नकोस. वर्षातले नऊ महिने तू सरांकडे काम केलंस, आणि मूल्यमापनाच्या खोलीत तुझ्याबद्दल बोलणारे तेच. ते वाईट बोलतील असं मला वाटत नाही. मला भीती त्या क्षणभर थांबण्याची आहे. म्हणून नऊ महिन्यांचं काम आत्ताच एका पानावर लिही, तारखा आणि निकालांसह, आणि जाण्याआधी त्यांना पाठवून म्हण, यावर तुमचा लेखी अभिप्राय द्याल का, नव्या मॅनेजरलाही लागेल. बहुतेक माणसं लेखी लिहिताना प्रामाणिक होतात.

दुखावणं आणि सूड यातला फरक तुला कळेल. तुटक उत्तरं, नजर चुकवणं, बैठक रद्द करणं हे दुखावणं, त्याला वेळ दे. पण सोडण्याची तारीख दुसऱ्यांदा पुढे गेली, किंवा मागच्या लेखी अभिप्रायाच्या अगदी उलट काही तोंडी ऐकू यायला लागलं, तर मग ते दुखणं राहिलं नाही. तारखा टिपून ठेव आणि नव्या मॅनेजरला सांग, जमलं तर एचआरलाही. मला माझ्या वेळी कुणीतरी असं टोकायला हवं होतं.

फार लांबलं, आणि शाळेतल्या बाईंसारखं झालं. माफ कर. अर्ध्याहून जास्त तुला माहीतच असेल. तू पहिल्यांदा एकटीने रात्रभर बसून ती बंद पडलेली सिस्टीम उभी केलीस, तेव्हा सरांनी मला फोनवर दिला होता ना तुझा निरोप? ते म्हणाले होते, "आज ती मला काही विचारायला आली नाही." किती अभिमान होता आवाजात, आणि किंचित काहीतरी दुसरंही. मी तेव्हाच ओळखलं होतं. मला ते ओळखता येतं.

सोमवारी बोललीस तर कळव. नाही जमलं तरी कळव.

तुझी
आई

ता. क. बाबा विचारताहेत, तिने अर्ज अजून मागे घेतला नाही ना? बाबा विचारताहेत, मी नाही.